कानबाईच्या विसर्जनाला बँड आणि ढोल पथक ठरवायचं आहे: पत्रात वेळ, मानधन आणि दवाखान्यापुढची शांतता कशी लिहावी?

बोरीकाठ
नमस्कार मंडळी. आम्ही अमळनेरचे. यंदा आमच्या भाऊबंदकीची कानबाई आमच्या घरी बसणार आहे. श्रावणातल्या रविवारी स्थापना, रात्रभर गाणी आणि सोमवारी सकाळी बोरी नदीवर विसर्जन. मिरवणुकीला १४ जणांचा बँड आणि २४ ढोल, ८ ताशांचं पथक बोलावतोय.

आजवर सगळं तोंडी ठरायचं. मागच्या वर्षी मिरवणूक एका दवाखान्यासमोर आली तेव्हा आतून एक माणूस हात जोडत बाहेर आला. त्याच्या बायकोचं आदल्या रात्रीच सिझर झालं होतं. वादकांनी त्याला पाहिलं, पण वाजवणं थांबलं नाही, कारण थांबा असं सांगायचं कोणी हे ठरलेलंच नव्हतं. मी पाट घेऊन मागे होते. तो चेहरा अजून डोळ्यांपुढून जात नाही.

म्हणून यंदा दोघांनाही लेखी पत्र देणार आहे. कच्चा मसुदा असा:

"आपल्या पथकाने सोमवारी सकाळी ८ ते ११ या वेळेत मिरवणुकीत वादन करावे. मानधन रु. ३१,००० राहील. वेळेवर हजर राहावे. दवाखान्याजवळ आवाज कमी ठेवावा व शिस्त पाळावी."

बँडचं मानधन १६,००० ठरलंय. यात काय सुटलं आहे ते सांगा.

गल्लीकर
ताई, काळजी करू नका. नियम रात्री १० नंतरचा आहे. तुमची मिरवणूक सकाळची, आणि ढोलाला स्पीकर नसतो. त्यामुळे ढोल-ताशाला कुठलंच बंधन नाही. फक्त बँडच्या गाडीवर भोंगे असतात, त्याची परवानगी काढा.

नवरदेवाचा_मामा
१४ जणांचा बँड १६ हजारांत? कुठला आहे? भाच्याचं लग्न आहे डिसेंबरात, धरणगावला. आम्हाला ४० हजार सांगताहेत. नंबर द्या ना.

ताशाकाडी
मी ९ वर्षं पथकात ताशा वाजवतोय, त्यातली ४ वर्षं सुपारी ठरवायचं काम माझ्याकडे आहे.

आधी गल्लीकर भाऊंचं. रात्री १० ते सकाळी ६ ही बंदी खरी आहे, पण ती एकच बंदी नाही. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत शांतता क्षेत्र म्हणून वेगळा भाग आहे, म्हणजे दवाखान्याभोवतीचे १०० मीटर. तिथे स्पीकर तर सोडाच, नुसता ढोल बडवणं, बिगुल फुंकणं, कुठलंही वाद्य वाजवणं हाच गुन्हा धरला आहे, आणि तो दिवसाही लागतो. त्यामुळे "ढोलाला स्पीकर नसतो" हे दवाखान्यासमोर चालत नाही.

आता ताईंचा मसुदा. "आवाज कमी ठेवावा" या वाक्याचा ढोल पथकाला काहीही उपयोग नाही. ढोलाला आवाजाचं बटण नसतं. २४ जणांना एकदम हळू वाजवा म्हटलं तर ठेका फुटतो, मग सावरायला ताशेवाले जोर लावतात आणि आवाज आधीपेक्षा वाढतो. हे मी स्वतः वाजवताना अनुभवलं आहे. म्हणून पत्रात एकच शब्द लिहायचा, "बंद". कुठून बंद आणि कुठून सुरू, तेवढं लिहा.

गल्लीकर
बरोबर, तो भाग माझ्या लक्षात नव्हता. पण १०० मीटरचं काय? पोलीस टेप घेऊन येणार आहेत का?

रात्रपाळी
मी जिल्ह्यातल्याच एका दवाखान्यात परिचारिका आहे. मिरवणूक जाते तेव्हा आत काय होतं ते सांगते, कारण बाहेरच्यांना वाटतं की पेशंटची झोपमोड होते, बस.

बीपी मोजताना पट्टा फुगवून हवा सोडतो आणि स्टेथोस्कोपमधून ठोका कधी सुरू झाला, कधी बंद झाला ते ऐकतो. रस्त्यावर ढोल असेल तर तो ठोका कानात येतच नाही. मी एकदा एका गरोदर बाईचं बीपी तीन वेळा घेतलं आणि तिन्ही वेळा सोडून दिलं. पोटातल्या बाळाचे ठोके ऐकायचे असतील तरी तेच. सलाइनच्या पंपाचा अलार्म दुसऱ्या खोलीतून ऐकू येत नाही. खिडक्या लावून ताशा जरा कमी होतो, ढोल होत नाही. ढोलाची धम्म भिंतीतून येते, ट्रेमधल्या बाटल्या एकमेकींवर वाजतात.

दुसरं म्हणजे फाटक. रुग्णवाहिका आत घ्यायची असते आणि समोर मिरवणूक उभी असते. आवाजाइतकीच ही अडचण मोठी आहे. पत्रात ती लिहाच.

बोरीकाठ
ताई, हे वाचून अंगावर काटा आला. आम्ही सकाळी लवकर, ७ ला निघालो तर बरं पडेल का? म्हणजे ओपीडी सुरू व्हायच्या आत पुढे जाऊ.

रात्रपाळी
ओपीडीची गर्दी टळेल, वॉर्ड टळणार नाही. ७ ते ८ रात्रपाळी-दिवसपाळीची बदली असते, एकेका पेशंटची माहिती तोंडी द्यायची असते. नंतर डॉक्टरांचा राउंड. वॉर्डात "आता वाजवलं तर चालेल" अशी वेळ मला तरी सापडलेली नाही. तुम्हाला सोयीची वेळ ठेवा, फक्त समोरून जाताना बंद ठेवा.

जिभाऊ
ताई, आम्हना गावमा बी असंच व्हयनं व्हतं. मग म्हाताऱ्या माणसांनी ठरवलं, कानबाईला नेताना आधी बायकांची गाणीच होती, ढोल कुठे होता? माझ्या आईच्या वेळी डफ आणि संबळ, त्यावर गाणी. दवाखान्यापुढे बायकांनी नुसतं मुखाने हळू गावं, देवीला तेच आवडतं. एवढं मोठं पथक कशाला हवं हाही विचार करा.

पिपाणी
जिभाऊ, तुमचं पटतं, पण आमचं पोट या सुपाऱ्यांवर आहे. मी बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवतो. लग्नसराई संपली की श्रावण, गणपती आणि नवरात्रावरच घर चालतं.

आणि एक सांगू का? दवाखान्यापुढे वाजवायची हौस आम्हाला नसते. मास्तर हात वर करून थांबवतो. तेवढ्यात घरचीच दोन पोरं पुढे येतात, १०० ची नोट मास्तरच्या डोळ्यांपुढे नाचवतात आणि फर्माईश करतात. नाही वाजवलं तर "पैसे कशाचे घेतले?" म्हणून अंगावर येतात. मागच्या वर्षी एका ठिकाणी आमच्या ड्रमवाल्याची कॉलर धरली. म्हणून पत्र लिहिताना फक्त आम्हाला बांधू नका, तुमच्या पोरांनाही बांधा.

ताशाकाडी
पिपाणी दादा, दंडवत. हेच सगळीकडे होतं.

बोरीकाठ ताई, तुमचा रस्ता सांगा. घरापासून नदी किती, दवाखाना कुठे, समोरचा रस्ता किती रुंद?

बोरीकाठ
काल आम्ही दोघं दोरी घेऊन मोजून आलो. घर ते नदी १,६०० मीटर. दवाखाने दोन आहेत, एकाच रस्त्यावर, मधे ११० मीटर अंतर. प्रत्येकाचा दर्शनी भाग साधारण २० मीटर. पहिल्याच्या १०० मीटर अलीकडे एक औषधाचं दुकान आहे, ते घरापासून ९०० मीटरवर. दुसऱ्याच्या १०० मीटर पुढे रसवंती आहे. रस्ता दोन गाड्या जेमतेम जातील इतका.

ताशाकाडी
हे झकास झालं. आता गल्लीकर भाऊंच्या टेपचंही उत्तर मिळालं. पत्रात "१०० मीटर" लिहायचंच नाही. "औषधाच्या दुकानापासून रसवंतीपर्यंत" असं लिहायचं. वाजवणाऱ्याला मीटर दिसत नाहीत, दुकान दिसतं.

शांत पट्टा किती झाला? १०० + २० + ११० + २० + १००, म्हणजे ३५० मीटर. मधले ११० मीटर सुरू करून परत बंद करायचा मोह होईल, तो करू नका. दोन्ही दवाखाने त्या ११० मीटरच्या दोन्ही टोकांना आहेत, तिथे वाजवून दोघांनाही त्रास.

वेळ बघू. चालत्या वादनात आमचं पथक तासाला ५०० मीटर सरकतं. तुमचे वाजवायचे मीटर १,२५०, म्हणजे अडीच तास. शांत पट्टा नुसता चालत १५ मिनिटं धरा, सोबत बायका आणि पाट आहेत. चौकात एक स्थिरवादन १५ मिनिटं. एकूण ३ तास. ८ ते ११ हा तुमचा अंदाज बरोबर आहे. चौक दवाखान्यांच्या अलीकडे असेल तर १० वाजून ३ मिनिटांच्या सुमाराला तुम्ही औषधाच्या दुकानापाशी असाल, १० वाजून १८ ला रसवंतीपाशी. पत्रात हे दोन आकडेही घाला, म्हणजे दवाखान्याला आधी कळवता येतं.

आता जिथे बहुतेक मिरवणुका चुकतात ती गोष्ट. दोघा-दोघांच्या रांगा केल्या तर २४ ढोलांच्या १२ रांगा होतात, ताशे धरून आमची लांबी ३५ मीटर. मागे बँड, मागे बायका. सगळं मिळून सव्वाशे मीटर तरी होतं. पुढची रांग दुकानापाशी आली की सगळ्या पथकाने बंद करायचं, आपापली रांग दुकानापाशी येईपर्यंत वाजवत राहायचं नाही. आणि सुरू करताना उलट, शेवटची रांग रसवंती ओलांडून गेल्यावरच. बँडने स्वतःच्या शेवटच्या माणसाने रसवंती ओलांडल्यावर सुरू करायचं, आम्ही सुरू केलं म्हणून नाही.

आणि रसवंतीपाशी थांबून दणक्यात सुरुवात करायची नाही. पुढचं पथक थांबलं की मागची सगळी माणसं दवाखान्याच्या फाटकासमोर अडकतात, आणि रात्रपाळी ताईंची रुग्णवाहिका तिथेच उभी राहते. चालत-चालत, आधी ताशा, मग ढोल.

वकिली_चष्मा
एक कायदेशीर बारकावा. २०१७ च्या दुरुस्तीनंतर राज्य सरकारने जाहीर केल्याशिवाय कुठलाही भाग शांतता क्षेत्र ठरत नाही. त्यामुळे प्रत्येक लहान दवाखान्याभोवती आपोआप १०० मीटरची मनाई लागते असं समजू नये. ताशाकाडी म्हणतात तो गुन्हा घोषित क्षेत्रात लागू होतो.

गल्लीकर
म्हणजे मी अगदीच चुकीचा नव्हतो!

वकिली_चष्मा
निम्मे. पण ताईंच्या पत्राला त्याने फरक पडत नाही. पत्र म्हणजे दोन पक्षांचा करार. घोषणा असो वा नसो, पथकाने "दुकान ते रसवंती बंद" यावर सही केली की ते त्यांना बंधनकारक. आणि पोलीस ठाण्यात मिरवणुकीची परवानगी मागताना याच पत्राची प्रत जोडा. मार्ग आणि वेळ तिथे लिहिलेलीच असते, अर्ज वेगळा रंगवावा लागत नाही.

वायरमन
१०० मीटर पुरतात का याबद्दल थोडं. मोकळ्या मैदानात अंतर दुप्पट झालं की आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो. अरुंद रस्त्यात दोन्ही बाजूंना पक्क्या भिंती असतील तर आवाज त्यांवर आपटत पुढे जातो, इतका उतरत नाही. शांतता क्षेत्राची दिवसाची मर्यादा ५० डेसिबल आहे. २४ ढोल १०० मीटरवर असताना ती पाळली जाणं अवघडच. तुमचा रस्ता बोळासारखा असेल तर अलीकडची खूण आणखी मागे घ्या. मोबाइलवर आवाज मोजून वाद घालू नका, ढोलाचा खर्ज त्याला नीट पकडता येत नाही.

बोरीकाठ
रस्ता दुकानाच्या अलीकडेच अरुंद होतो. तिथे आधीच एक वडाचं झाड आहे, दुकानाच्या ६० मीटर मागे. खूण तीच धरते, झाड लांबूनही दिसतं. म्हणजे पट्टा ४१० मीटर झाला.

पैशांचं मात्र अडलंय. आमचे काका म्हणतात, शांत चालण्याचे पैसे कशाला द्यायचे, २० मिनिटं वाजवणारच नाहीत. आणि नियम मोडला तर ५,००० कापा.

ताशाकाडी
काकांना माझा नमस्कार सांगा, पण हे करू नका. शांत चालणं हेही त्यांचं कामच आहे. ढोल कमरेला बांधलेलाच असतो. त्या वेळेचे पैसे कापले तर पथक लवकर पट्टा संपवायच्या घाईत असेल, नाहीतर मधेच सुरू करेल. पत्रात स्पष्ट लिहा की शांत पट्ट्याचा वेळ वादनाच्या ३ तासांत धरला आहे.

जादा वेळेचंही तसंच. उशीर तुमच्या घरच्या आरतीमुळे झाला तर अर्ध्या तासाला अमुक, पथक उशिरा आलं तर काही नाही. हे लिहिलं नाही की नदीवर भांडण होतं.

कपातीच्या मी विरोधात आहे. चूक झाली हे ठरवणार कोण? तुमची पोरंच नोट नाचवत असतील तर?

पिपाणी
कपात नको. त्यापेक्षा शेवटचा हप्ता पट्टा पार पडल्यावर ठेवा. आमचा मास्तर त्याला आनंदाने तयार होईल.

वकिली_चष्मा
माझं मत वेगळं. ठरावीक रक्कम लिहिलेली असली की कोणी मोडत नाही, आणि मोडलं तर वाद कमी होतो. शेवटचा हप्ता रोखून धरणं हीसुद्धा एका अर्थी कपातच आहे, फक्त आकडा लिहिलेला नाही.

नवरदेवाचा_मामा
मला वाटलं होतं दराचा धागा आहे. पण आमच्या वरातीच्या वाटेवरही प्रसूतिगृह आहे, म्हणून आता सगळं वाचतोय. नोटांचं कलम आम्हीपण घालणार.

बोरीकाठ
सगळ्यांचे आभार. पथकाला पत्र दिलं, त्यांनी दुसऱ्या प्रतीवर सही करून परत दिली. बँडलाही तेच, आकडे बदलून. मजकूर असा:

"श्री. पथकप्रमुख यांस,
स. न. वि. वि.

आमच्या कानबाई मातेच्या विसर्जन मिरवणुकीसाठी आपल्या पथकास (२४ ढोल, ८ ताशे, २ ध्वज) या पत्राने निमंत्रित करीत आहोत.

सकाळी ७.३० पर्यंत आमच्या घरी पोहोचावे, चहा-नाश्त्याची सोय आमच्याकडे आहे. ८ वाजता मिरवणूक निघेल. चौकात १५ मिनिटे स्थिरवादन. ११ वाजता नदीवर समाप्ती.

वडाच्या झाडापासून रसवंतीपर्यंत वादन पूर्ण बंद राहील. पहिली रांग झाडापाशी येताच सर्वांनी थांबावे, शेवटची रांग रसवंतीपुढे गेल्यावर चालत चालत सुरू करावे. या पट्ट्यात घोषणा, फटाके, शिट्टी नाही. आपले पथक डाव्या बाजूने दोन-दोनच्या रांगेत चालेल, उजवी बाजू रुग्णवाहिकेसाठी मोकळी राहील. थांबण्याची खूण म्हणून आमचा माणूस झाडाच्या २० मीटर अलीकडे भगवा रुमाल वर करील.

या पट्ट्यात आमच्या कुटुंबातील कोणीही फर्माईश करणार नाही वा पैसे ओवाळणार नाही. तसे केल्यास आपण वाजवू नये. आमचे दोन जण पथकासोबत राहून आमच्या माणसांना आवरतील.

मानधन रु. ३१,०००. यात शांत पट्ट्याचा वेळ धरलेला आहे. पैकी रु. १०,००० विसार या पत्रासोबत, रु. ११,००० निघताना, रु. १०,००० नदीवर. आमच्यामुळे ११ नंतर थांबावे लागल्यास दर अर्ध्या तासास रु. २,०००. ढोल आणण्या-नेण्याचा टेम्पो आपल्याकडे.

मान्य असल्यास दुसऱ्या प्रतीवर सही करून परत द्यावी.

कळावे,"

कपात नाही लिहिली. काका अजून नाराज आहेत.

रात्रपाळी
दोन्ही दवाखान्यांना एकेक प्रत आदल्या दिवशी द्या ताई. १० ते साडेदहा कळलं तर बीपी आणि बाळाचे ठोके तपासणं अलीकडे-पलीकडे करता येतं.

बोरीकाठ
आज विसर्जन झालं. काय झालं ते सांगायलाच हवं.

रोटाच्या आरतीला वेळ लागला, ८ वाजून २५ ला निघालो. वडापाशी रुमाल वर गेला आणि पथक बंद झालं. पण लगेच नाही. शेवटच्या रांगांना रुमाल दिसलाच नाही, पुढचे थांबले तेव्हा त्यांना कळलं. पाच-सहा ठोके जास्त पडले. मग एकदम शांत. पट्ट्यात आमच्या चुलत्यांच्या मुलाने खिशात हात घातला होता, बँडमास्तरांनी पत्राची घडी काढून त्याला नुसती दाखवली. बायका हळू आवाजात गात होत्या, जिभाऊंनी सांगितलं तसंच. पहिल्या दवाखान्याच्या गॅलरीत एक बाई तान्ह्या बाळाला घेऊन उभी होती. तिने तिथूनच कानबाईला हात जोडले. बाळ झोपलेलं होतं.

चूक बँडची झाली. ढोल पुढे सुरू झाल्यावर त्यांनाही राहवलं नाही, त्यांची मागची माणसं अजून दुसऱ्या दवाखान्यापासून ४० मीटरवर होती.

उशीर आमचा, म्हणून पथकाला २,००० जास्त दिले. काका काही बोलले नाहीत.

पिपाणी
बँड आणि ढोल दोघांना एकच खूण देऊ नका. पुढच्या वेळी बँडच्या शेवटच्या माणसासोबत तुमचा वेगळा माणूस ठेवा, दुसऱ्या रंगाचा रुमाल देऊन. आम्हाला पुढचा ढोल ऐकू आला की हात थांबत नाहीत.

ताशाकाडी
आणि पथकासाठी रुमालवाला एक नको, दोन. एक पुढे, एक मधे. ताई, बँडपुढे ढोल ठेवायचाच का, की बँड पुढे आणि ढोल मागे? मला अजून नक्की सांगता येत नाही. बँड पुढे असेल तर त्यांना ढोलाची वाट पाहावी लागत नाही, पण मग शेवटी सुरू होणारा ढोल आणि दवाखाना यांत अंतर किती राहील ते पुन्हा मोजावं लागेल.

बोरीकाठ
गणपतीच्या आधी दोरी घेऊन परत जाऊन येते.